जाहिरात नाही, तर मजकूरही नाही

१३ ऑक्टोबर २०१५ रोजी जर्मनीतल्या 'बिल्ड' या मोठ्या खपाच्या दैनिकाने आपल्या संकेतस्थळावर काही वाचकांना बातम्या दाखवणं थांबवलं. ज्यांच्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारा अ‍ॅड ब्लॉकर होता, त्यांना बातमीऐवजी सूचना दिसू लागली. ब्लॉकर बंद करा, नाहीतर महिन्याला २.९९ युरो भरून जवळपास जाहिरातमुक्त आवृत्ती घ्या. तिसरा पर्याय नव्हता. दैनिकाचा प्रकाशक असलेल्या आक्सेल श्प्रिंगर कंपनीने काही आठवड्यांतच जाहीर केलं की सूचना पाहणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक लोकांनी ब्लॉकर बंद केला. जाहिरात दाखवता येईल अशा भेटी पहिल्या दोन आठवड्यांत तीस लाखांनी वाढल्या.

हा आकडा जगभरच्या प्रकाशकांच्या नजरेत भरला. त्यानंतर ही भिंत इतकी पसरली की आज पाककृती शोधणाऱ्यापासून परीक्षेचा निकाल पाहणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला ती कधी ना कधी आडवी येते. मथळा दिसतो, फोटो दिसतो, पहिल्या दोन ओळी वाचून होतात न होतात तोच पान धुरकट होतं, मधोमध चौकट येते आणि बोटाने कितीही सरकवलं तरी पान हलत नाही. वाचकाचा समज असा होतो की साइटला आपल्या संगणकात डोकावता आलं, आपण काय बसवलंय ते तिला दिसलं. प्रत्यक्षात तसं काही घडलेलं नसतं. साइटने एक सापळा लावला, त्यावरून अंदाज बांधला, आणि तो अंदाज कधीकधी सपशेल चुकतो. सापळा कसा लावला जातो ते कळलं, की समोर आलेल्या चौकटीचं काय करायचं हेही पुष्कळसं कळतं.

त्यासाठी आधी ब्लॉकर काय करतो ते पाहायला हवं. वेबपान एकसंध येत नाही. मजकूर एका ठिकाणाहून येतो, चित्रं दुसरीकडून, अक्षरांचे फाँट तिसरीकडून आणि जाहिराती बहुतेक वेळा गूगलसारख्या जाहिरात कंपन्यांच्या सर्व्हरवरून. पान उघडलं की ब्राउझर या सगळ्यांकडे एकेक मागणी धाडतो. ब्लॉकर इथेच उभा असतो. त्याच्या हातात एक यादी असते. सर्वांत प्रसिद्ध यादी 'ईझीलिस्ट', जी स्वयंसेवक सांभाळतात आणि जिच्यात हजारो ओळी आहेत. त्या ओळी दोन जातींच्या असतात:

```
||doubleclick.net^
##.ad-banner
```

पहिल्या जातीची ओळ सांगते की या पत्त्याकडे मागणी जाऊच देऊ नकोस. दुसऱ्या जातीची ओळ सांगते की पानावर 'ad-banner' असं नाव दिलेला कप्पा दिसला तर तो लपव, म्हणजे जाहिरात न आल्यामुळे उरलेली पांढरी पोकळी वाचकाला दिसणार नाही. एक काम मागणी अडवण्याचं, दुसरं जागा झाकण्याचं. भिंतीचा सापळा याच दोन कामांवर बेतलेला आहे.

साइट आपल्या पानात एक खोटा कप्पा ठेवते. त्यात जाहिरात नसते, काहीच नसतं. तो पडद्याच्या बाहेर, डावीकडे कुठेतरी हजारो बिंदू अंतरावर असतो, म्हणजे वाचकाला दिसण्याचा प्रश्नच नाही. पण त्याचं नाव मुद्दाम असं ठेवलेलं असतं की ब्लॉकरने झडप घातलीच पाहिजे. या क्षेत्रातले लोक त्याला आमिषच म्हणतात. पानासोबत आलेला छोटा प्रोग्रॅम क्षणभर थांबतो आणि त्या कप्प्याची उंची मोजतो. अगदी साध्या रूपात तो असा असतो:

```html
<div id="bait" class="ad-banner adsbox">&nbsp;</div>
<script>
setTimeout(function () {
  var b = document.getElementById("bait");
  if (b.offsetHeight === 0) showWall();
}, 100);
</script>
```

कप्पा जागेवर असेल तर त्याला काही ना काही उंची असते. ब्लॉकरने तो लपवला असेल तर उंची शून्य भरते. शून्य भरली की `showWall` हा आदेश सुटतो आणि चौकट समोर येते. या साऱ्याला सेकंदाचा दहावा भागसुद्धा पुरतो. सावध साइट एकदा मोजून थांबत नाहीत; थोड्या थोड्या अंतराने चारपाच वेळा मोजतात, कारण काही ब्लॉकर जरा उशिरा कामाला लागतात.

दुसरा सापळा मागणीचा. साइट `ads.js` अशा नावाची एक निरुपद्रवी फाइल मागवते. त्या फाइलीत एवढंच लिहिलेलं असतं की 'मी आले'. नाव पाहून ब्लॉकरने ती अडवली, तर निरोप पोहोचत नाही. निरोप नाही म्हणजे ब्लॉकर आहे, असं गणित. काही साइट खऱ्या जाहिरात सर्व्हरकडेच मागणी करून पाहतात आणि ती फसली की भिंत उभी करतात.

हे सगळं वाचकाच्याच ब्राउझरमध्ये चालतं, ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बहुतेक भिंतींच्या बाबतीत संपूर्ण लेख वाचकाच्या यंत्रात आधीच उतरलेला असतो. भिंत त्याच्यावर टाकलेला पडदा असते, आणि पान सरकू नये म्हणून साइटने `overflow: hidden` अशी एक सूचना दिलेली असते. चौकट येण्याआधी पूर्ण लेख डोळ्यांसमोरून झर्रकन गेला असेल, तर भिंत या जातीची समजावी. दुसरी जात अधिक कडक असते. तिच्यात सर्व्हर आधी फक्त पहिले दोनतीन परिच्छेद पाठवतो आणि तपासणी पार पडल्यावरच उरलेला मजकूर देतो. इथे पडदा हटवून उपयोग नाही, कारण मागे काही नाहीच. अशा पानाची छापील प्रत काढायला गेलं, तरी छपाईपूर्व चित्रात तेवढेच परिच्छेद दिसतात.

पण आमिष गिळलं गेलं नाही म्हणून ब्लॉकर नाही, किंवा गिळलं गेलं म्हणून आहे, हे दोन्ही नेहमी खरं नसतं. ज्यांनी आयुष्यात कधी ब्लॉकर बसवला नाही अशांनाही ही चौकट दिसते आणि ते हतबल होतात, कारण बंद करायला त्यांच्याकडे काही नसतंच. कारणं साधी असतात. कचेरीच्या नेटवर्कने जाहिरातींचे पत्ते अडवलेले असतात. घरातल्या कोणीतरी मोबाइलमध्ये जाहिराती गाळणारा डीएनएस लावलेला असतो. ब्राउझरच मुळात माग काढणाऱ्यांना रोखणारा असतो. 'ब्रेव्ह' हे काम पहिल्यापासून करतो, 'फायरफॉक्स'ची खासगी खिडकीही बऱ्याच मागण्या अडवते. आणि कधी नुसतंच नेट संथ असतं. जाहिरात सर्व्हरचं उत्तर ठरल्या वेळात आलं नाही, प्रोग्रॅमने ते 'अडवलं' असं मानलं. रेंज जेमतेम असलेल्या गावात असं घडू शकतं.

दोष कुठला आहे हे दोन पावलांत तपासता येतं. क्रोम ब्राउझरमध्ये तेच पान गुप्त खिडकीत, म्हणजे इनकॉग्निटोमध्ये उघडावं. त्या खिडकीत एक्स्टेंशन आपण होऊन चालत नाहीत. वापरणाऱ्याने मुद्दाम परवानगी दिली असेल तरच चालतात. तिथे भिंत नाहीशी झाली, तर कारण एक्स्टेंशनमध्ये आहे. तिथेही ती तशीच राहिली, तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पाहावं. आता गेली, तर घरचा राउटर किंवा कचेरीचं नेटवर्क मधे आहे. मोबाइलवर वायफाय असो वा डेटा, दोन्हीकडे भिंत दिसत असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'Private DNS' शोधावं. तिथे `dns.adguard-dns.com` अशा धर्तीचा पत्ता लिहिलेला सापडला, तर चोर तिथेच आहे. हाच तपास फायरफॉक्समध्ये करू नये, कारण तिथली खासगी खिडकी नेहमीच्या खिडकीपेक्षा अधिक कडक असते आणि निष्कर्ष उलटाच निघतो.

डीएनएसच्या गाळणीची एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी टेलिफोन डिरेक्टरी. जाहिरात सर्व्हरचा पत्ता कोणी विचारला की ती 'माहीत नाही' म्हणते. पण तो पत्ता कुठल्या पानासाठी विचारला गेला, हे तिला कळत नाही. त्यामुळे एकाच साइटला सूट देणं तिथे जमत नाही. आवडीच्या दैनिकाला जाहिराती दाखवू द्यायच्या असतील, तर सगळी गाळणीच काही वेळ बाजूला करावी लागते आणि मग आठवणीने परत लावावी लागते. एक्स्टेंशनचं तसं नाही, ते पान पाहून काम करतं. म्हणूनच ज्यांना काही साइटना सूट आणि बाकीच्यांना नकार असा भेद करायचा आहे, त्यांनी एक्स्टेंशन वापरणं सोयीचं.

सूट देण्याची रीत अवघड नाही, पण ती नीट करावी. पुष्कळ जण चौकट पाहून घाईने एक्स्टेंशनच पूर्ण बंद करतात, लेख वाचून होतो, आणि पुढचे कित्येक दिवस सगळ्या इंटरनेटवर ते उघडेबोडके फिरत राहतात. त्याऐवजी तेवढ्या साइटपुरतीच सूट द्यावी. 'यूब्लॉक ओरिजिन'मध्ये ब्राउझरच्या पट्टीवरच्या ढालीवर टिचकी मारली की मोठं गोल बटण दिसतं. ते दाबलं की त्या साइटसाठी गाळणी थांबते, आणि कंट्रोल कळ धरून दाबलं तर फक्त त्या एका पानासाठी थांबते. 'अ‍ॅडब्लॉक प्लस'मध्ये साइटच्या नावासमोरचा खटका सरकवायचा. ब्रेव्हमध्ये पत्त्याच्या रेषेतला सिंह, फायरफॉक्समध्ये तिथलीच ढाल. यानंतर पान ताजं करायला विसरू नये. आमिषाची मोजणी पान उघडतानाच होते, त्यामुळे ताजं न करता भिंत हटत नाही आणि लोकांना वाटतं की सूट लागलीच नाही.

सूट द्यावी का, हा वेगळा प्रश्न आणि तो खरा आहे. लोक ब्लॉकर बसवतात ते साइटच्या लेखकांना उपाशी ठेवण्यासाठी नाही. २०१५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पन्नास वृत्तसंकेतस्थळं मोबाइलवर मोजून पाहिली. त्यातल्या एका अमेरिकी संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर मजकूर यायला सुमारे आठ सेकंद लागत होते आणि जाहिराती यायला जवळपास तीस. डेटाचे पैसे मोजणाऱ्या वाचकाच्या खिशातून ते तीस सेकंद जात होते.

त्याहून गंभीर गोष्ट 'फोर्ब्ज'च्या बाबतीत घडली. डिसेंबर २०१५ मध्ये या मासिकाच्या संकेतस्थळाने वाचकांना ब्लॉकर बंद करायला सांगितलं आणि बदल्यात महिनाभर कमी जाहिरातींचं वचन दिलं. पहिल्या काही आठवड्यांत सुमारे एकवीस लाख जणांना सूचना दाखवली गेली आणि त्यांतल्या सुमारे नऊ लाखांनी ती मानली. जानेवारीत एका सुरक्षा संशोधकाने जाहीरपणे सांगितलं की त्याने फोर्ब्जच्या विनंतीनुसार ब्लॉकर बंद केला आणि लगेच खिडकीमागे उघडलेल्या जाहिरातीतून घातक सॉफ्टवेअर उतरवायचं आमंत्रण आलं. ती जाहिरात फोर्ब्जने बनवलेली नव्हती. जाहिरातीची जागा पान उघडता उघडता लिलावात विकली जाते, मधे चारपाच दलाल असतात, आणि शेवटी त्या चौकटीत कोण येणार हे साइटच्या संपादकालाही ठाऊक नसतं. दोन महिन्यांनी, मार्च २०१६ मध्ये, याच वाटेने खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरवणाऱ्या जाहिराती 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'बीबीसी'सारख्या नावाजलेल्या साइटवर पोहोचल्या. डिसेंबर २०२२ मध्ये तर अमेरिकेच्या 'एफबीआय'ने नागरिकांना इंटरनेटवर शोध घेताना अ‍ॅड ब्लॉकर वापरण्याचा लेखी सल्ला दिला, कारण भामटे शोधाच्या निकालांत ओळखीच्या ब्रँडच्या नावाने खोट्या जाहिराती विकत घेत होते.

म्हणजे ब्लॉकर ही चैन नाही, दाराची कडी आहे. भिंत उभी करणारी साइट वाचकाला ती कडी काढायला सांगत असते, आणि काढल्यावर आत कोण येणार याची हमी तिच्याकडे बहुधा नसते. दुसरीकडे, पानावरची जाहिरात हेच ज्यांचं उत्पन्न आहे, त्यांची बाजूही खोटी नाही. एखादी व्यक्ती रात्री जागून गावोगावच्या किल्ल्यांची किंवा जुन्या गाण्यांची मराठी साइट चालवते. गूगलची 'अ‍ॅडसेन्स' सेवा मराठी पानांना जाहिराती देते, आणि सर्व्हरचं भाडं त्यातून निघतं. ब्लॉकर लावलेल्या वाचकाच्या भेटीतून तिला छदामही मिळत नाही. अशा मालकाला भिंत स्वतः लिहावी लागत नाही. अ‍ॅडसेन्सच्या 'Privacy & messaging' विभागात ती तयार मिळते. वाचकाला चौकट बंद करून पुढे जाऊ द्यायचं की अडवूनच ठेवायचं, हे मालक ठरवतो. जोडीला एक राखीव सूचनाही असते. ब्लॉकरने पहिली सूचनाच अडवली तर ती दिसते.

इथे एक जुना प्रयोग आठवण्यासारखा आहे. मार्च २०१० मध्ये 'आर्स टेक्निका' या तंत्रज्ञानविषयक साइटने सुमारे बारा तास ब्लॉकर वापरणाऱ्यांना मजकूर दाखवणं बंद केलं, तेही काही न सांगता. वाचकांना साइटच बिघडल्यासारखं वाटलं. नंतर संपादकाने सविस्तर लेख लिहून उत्पन्नाचं गणित समोर ठेवलं आणि साइटला सूट देण्याची विनंती केली. आडवायच्या आधी बोलायला हवं होतं, हा धडा तेव्हाचा. ज्या साइटची चौकट 'नंतर पाहू' म्हणायला जागा ठेवते, तिला सूट द्यायला वाचकाचं मनही तयार होतं. आणि सूट दिल्यावर तिथल्या जाहिराती कशा वागतात ते मिनिटभर पाहावं. आपोआप आवाज करणारा व्हिडिओ, मजकुरावर चढून बसणारी पट्टी, पाठीमागे उघडणारी खिडकी यांपैकी काही दिसलं, तर त्याच बटणाने सूट काढून घेता येते.

काही चौकटी मात्र भिंत नसतातच, भिंतीचं सोंग असतं. खरी भिंत दोनच गोष्टी मागते, गाळणी थांबवणं किंवा वर्गणी. 'पुढे जाण्यासाठी Allow दाबा' असं म्हणत सूचना पाठवण्याची परवानगी मागणारी, एखादं अ‍ॅप उतरवायला लावणारी किंवा 'चांगला' ब्लॉकर सुचवणारी चौकट आली, तर पान बंद करावं. ब्लॉकरच्या नावानेही फसवणूक होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये क्रोमच्या अधिकृत दुकानात 'अ‍ॅडब्लॉक प्लस'चं हुबेहूब नाव घेतलेलं खोटं एक्स्टेंशन उघडकीस आलं, आणि ते हटवलं जाईपर्यंत ३७ हजार लोकांनी बसवलेलं होतं.

सूटही द्यायची नाही आणि मजकूरही हवा, असं म्हणणाऱ्यांसाठी वर्गणी हा सरळ मार्ग. 'वायर्ड' मासिकाने फेब्रुवारी २०१६ मध्ये आठवड्याला साधारण एक डॉलरमध्ये जाहिरातमुक्त साइट देऊ केली, तेव्हा त्यांच्या रोजच्या वाचकांपैकी वीस टक्क्यांहून अधिक जण ब्लॉकर वापरत होते. वर्गणी घेण्याआधी एक ओळ शोधून वाचावी, ती म्हणजे 'जाहिरातमुक्त' लिहिलंय की 'कमी जाहिराती'. दोन्हींत फरक आहे आणि पैसे भरल्यावर तो कळून उपयोग नसतो. बातमीच हवी असेल, तर ती दुसऱ्या दैनिकात बहुधा असतेच, आणि तिथे भिंत नसेलही.

भिंत ओलांडण्याचीही साधनं आहेत. ईझीलिस्टच्याच मंडळींची 'Adblock Warning Removal List' नावाची वेगळी यादी आहे, जी अशा सूचना लपवते. यूब्लॉक ओरिजिनच्या याद्या आमिषाला आमिष म्हणून ओळखतात आणि त्याला मुद्दाम हात लावत नाहीत, म्हणजे उंची शून्य भरत नाही आणि चौकट येत नाही. साइट मग आमिषाचं नाव बदलते, याद्या दुसऱ्या दिवशी बदलतात. या शर्यतीत विचित्र प्रसंग घडले. ऑगस्ट २०१७ मध्ये ईझीलिस्टमधून `functionalclam.com` हा पत्ता काढावा लागला. वाचताना निरर्थक वाटणारा हा पत्ता ब्लॉकर ओळखणाऱ्या एका अमेरिकी कंपनीचा होता, आणि तो यादीत घालणं म्हणजे कॉपीराइटचं कुलूप फोडणं आहे, अशी नोटीस तिने बजावली होती.

कायद्याची खरी लढाई पुन्हा 'बिल्ड'च्याच दारात झाली. भिंत बांधण्याच्याही आधीपासून आक्सेल श्प्रिंगर 'अ‍ॅडब्लॉक प्लस' बनवणाऱ्या कोलोनच्या 'आयओ' कंपनीविरुद्ध न्यायालयात होती. रागाचं एक कारण असं की ही कंपनी 'स्वीकारार्ह' ठरलेल्या जाहिराती गाळणीतून सोडते आणि मोठ्या जाहिरातदारांकडून त्याचे पैसे घेते. १९ एप्रिल २०१८ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की ब्लॉकर बेकायदा नाही. तो वापरायचा की नाही हे वाचक स्वतः ठरवतो. आणि प्रकाशक हतबल नाहीत, ते ब्लॉकर न सोडणाऱ्या वाचकांना साइटबाहेर ठेवू शकतात, हेही न्यायालयाने दाखवून दिलं. थोडक्यात, ब्लॉकर लावायचा हक्क वाचकाचा आणि मजकूर न द्यायचा हक्क साइटचा. श्प्रिंगरने नंतर दुसरा दावा केला, की वेबपानाची संहिता हा संगणकीय प्रोग्रॅम आहे आणि ब्लॉकर त्यात फेरफार करतो, म्हणून तो कॉपीराइटचा भंग आहे. हॅम्बुर्गच्या न्यायालयांनी तो दोनदा फेटाळला, पण ३१ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकालाचा काही भाग रद्द करून प्रकरण पुन्हा हॅम्बुर्गला धाडलं. ब्राउझरमध्ये तयार होणाऱ्या पानाच्या रूपाला संरक्षण आहे का, हे बारकाईने तपासा, असं त्यात सांगितलं.

भिंतीचं सध्याचं सर्वांत मोठं रूप यूट्यूबवर दिसतं. २०२३ मध्ये तिथे ब्लॉकर वापरणाऱ्यांना आधी इशारा, मग मोजके व्हिडिओ आणि शेवटी बंद पडलेली खिडकी दिसू लागली. क्रोमनेही एक्स्टेंशनचे नियम बदलले. 'मॅनिफेस्ट व्ही ३' या नव्या नियमांत एक्स्टेंशनला प्रत्येक मागणी स्वतः थांबवून तपासता येत नाही, आधीच दिलेल्या नियमांची यादी ब्राउझरकडे सोपवावी लागते. मूळ यूब्लॉक ओरिजिन त्यामुळे क्रोममधून गेला आणि त्याचा हलका भाऊ 'लाइट' उरला. फायरफॉक्समध्ये मूळ रूप अजून चालतं. रोज बदलणाऱ्या आमिषाशी झुंजायला हा फरक मोठा आहे.

आणि जून २०२४ मध्ये यूट्यूबने काही प्रेक्षकांवर अशी पद्धत वापरून पाहिली, जिच्यात आमिषाची गरजच उरत नाही. जाहिरात वेगळ्या पत्त्यावरून न येता सर्व्हरवरच व्हिडिओच्या प्रवाहात शिवून येते. ब्लॉकरला अडवायला वेगळा पत्ता नाही, झाकायला वेगळा कप्पा नाही. हा बदल पहिल्यांदा ओळखला तो 'स्पॉन्सरब्लॉक' नावाच्या एक्स्टेंशनच्या निर्मात्याने. व्हिडिओतला प्रायोजकाचा भाग अमुक मिनिटाला सुरू होतो आणि तमुक मिनिटाला संपतो, अशा नोंदी प्रेक्षक त्या एक्स्टेंशनमध्ये करत असतात. त्या नोंदी अचानक जुळेनाशा झाल्या. प्रत्येक वेळ पुढे सरकलेली होती, आणि किती सरकली तर शिवलेल्या जाहिरातीच्या लांबीइतकी.